दोनशे शेअर आणि कंपनीचं पाकीट

इरोक्वॉय ब्रँड्स या अमेरिकन कंपनीची १९८०च्या दशकाच्या मध्यावर वर्षाची विक्री १४ कोटी १० लाख डॉलर होती. त्यात फ्रान्समधून मागवलेल्या एका खाद्यपदार्थाचा वाटा ७९ हजार डॉलरचा, म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीत जेमतेम सहा सेंटचा. हा पदार्थ होता 'फ्वा ग्रा'ची पॅटे, हंसाच्या मुद्दाम फुगवलेल्या यकृतापासून केलेला. त्यात कंपनीला फायदाही होत नव्हता. हिशेबात ३,१२१ डॉलरचा तोटा दिसत होता. एवढ्याशा मालावरून पीटर लव्हनहाइम नावाच्या भागधारकाने कंपनीला कोर्टात खेचलं. त्याच्याकडे शेअर होते दोनशे. त्याला पैसे नको होते की संचालकपद नको होतं. वार्षिक सभेआधी कंपनी सगळ्या भागधारकांना जे कागद धाडते, त्यांत आपला ठराव आणि त्यामागचं निवेदन छापावं, एवढीच त्याची मागणी होती.

कंपनीने नकार दिला. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर गॅश यांनी २७ मार्च १९८५ रोजी लव्हनहाइमच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. भागधारकाच्या ठरावाचा विषय निघाला की अमेरिकेत अजूनही या निकालाचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. पण भारतीय कायद्यातली हीच तरतूद नेमकी कुठे अडते, हे या खटल्याशेजारी ठेवून पाहिलं की चटकन लक्षात येतं. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

भांडण कशाचं होतं

मोठ्या कंपनीचे भागधारक देशभर विखुरलेले असतात. सभेला प्रत्यक्ष जाणारे मोजकेच. बाकीचे घरी आलेले कागद वाचतात, किंवा न वाचताच बाजूला टाकतात, आणि फार तर मतपत्रिकेवर खूण करून परत पाठवतात. म्हणजे सभेचा निकाल सभेच्या हॉलमध्ये लागतच नाही, त्या पाकिटात काय आहे त्यावर लागतो. पाकीट कंपनीचं, त्याचा खर्च कंपनीचा, आणि आत काय छापायचं तेही संचालक मंडळ ठरवणार. दोनशे शेअरवाल्याला आपलं म्हणणं हजारो लोकांपर्यंत पोचवायचं तर भागधारकांची यादी मिळवायची, छपाई करायची, टपालखर्च सोसायचा आणि वर प्रॉक्सी, म्हणजे इतरांच्या वतीने मत देण्याचा अधिकार, मागण्याचे सगळे कायदेशीर सोपस्कार करायचे. तेवढी रक्कम त्याच्या शेअरच्या किमतीहून जास्त भरेल.

अमेरिकेत यावर उतारा आहे तो सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या, म्हणजे एसईसीच्या, १४ए-८ या नियमाचा. ठराविक रकमेचे शेअर ठराविक काळ धरलेले असले, तर भागधारक एक ठराव आणि त्याच्या समर्थनार्थ निवेदन कंपनीला देऊ शकतो, आणि कंपनीने ते सभेआधीच्या कागदांत, म्हणजे स्वतःच्या प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये, छापायचं असतं. आज ठराव आणि निवेदन मिळून ५०० शब्दांची मर्यादा आहे. लव्हनहाइमच्या काळात दाराशी लागणारी रक्कम होती १,००० डॉलरचे शेअर, तेही वर्षभर धरलेले. २०२०च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं धरले असतील तर २,००० डॉलर, दोन वर्षं असतील तर १५,००० आणि एकच वर्ष असेल तर २५,००० डॉलर लागतात. पूर्वीपेक्षा हे कडक आहे, पण दोन हजार डॉलर जमवणं एखाद्या निवृत्त शिक्षकालाही शक्य आहे.

दार असं उघडं ठेवलं की आत कुणीही काहीही घेऊन येणार. म्हणून त्याच नियमात कंपनीला नकार देण्याची कारणंही दिलेली आहेत. विषय रोजच्या कारभाराचा असेल, वैयक्तिक तक्रारीचा असेल, कंपनीच्या धंद्याशी त्याचा संबंध नसेल, तर कंपनी ठराव वगळू शकते. अमेरिकेतली झुंज बहुतेक वेळा या कारणांवर होते. तुम्ही कोण, हा प्रश्न तिथे चटकन सुटतो. तुमचा विषय काय, यावर मात्र वकील कामाला लागतात.

ठराव कसा लिहिला होता

लव्हनहाइमचा ठराव वाचण्यासारखा आहे, कारण तो मागतो फार कमी. पॅटे विकणं बंद करा, असं त्यात म्हटलेलं नाही. कंपनीने एक समिती नेमावी. फ्रान्समधला पुरवठादार हे पदार्थ कोणत्या पद्धतीने तयार करतो याचा समितीने तज्ज्ञांना विचारून अभ्यास करावा. त्या पद्धतीने पक्ष्यांना अवाजवी यातना होतात का, आणि होत असतील तर कमी क्रूर पद्धत सापडेपर्यंत हा माल विकणं थांबवावं का, यावर भागधारकांना अहवाल द्यावा. इतकंच.

हा मवाळपणा नव्हता, कसब होतं. अमेरिकेतल्या राज्यांच्या कंपनी कायद्यांनुसार कंपनी चालवण्याचा अधिकार संचालक मंडळाचा असतो. 'अमुक माल विकू नका' असा हुकूम भागधारकांनी दिला तर तो मुळात त्यांच्या अधिकाराबाहेरचा ठरतो, आणि त्याच कारणावर कंपनी तो वगळते. अभ्यास करा, अहवाल द्या, विचार करा अशा शब्दांत मांडलेला ठराव शिफारशीचा राहतो. तो मंजूर झाला तरी मंडळावर बंधन येत नाही. तरीही कंपन्या असे ठराव टाळायला धडपडतात, कारण मत मोजलं जातं आणि आकडा जाहीर होतो.

निवेदनात लव्हनहाइमने हंसांना जबरीने भरवण्याची रीत वर्णन केली होती. हंस चार महिन्यांचा झाला की साधारण भरवणं सुरू होतं. यंत्र असेल तिथे पक्ष्याचं अंग आणि पंख धातूच्या साच्यात अडकवतात, मान ताणतात, घशात दहा-बारा इंच आत नळकांडं घालतात, आणि मक्याचं चारशे ग्रॅमपर्यंत भरड पोटात ढकलतात. उलटून येऊ नये म्हणून गळ्याभोवती इलॅस्टिकची पट्टी. हे वाचल्यावर भागधारकाला कसं वाटेल, ते कंपनीलाही कळत होतं.

याच आशयाचा ठराव त्याने १९८३ मध्येही दिला होता, आणि तेव्हा तो छापला गेला होता. मध्ये नियमाचा मजकूर बदलला आणि कंपनीला नवं हत्यार मिळालं.

पाच टक्क्यांचं गणित

एसईसीने १९८३ मध्ये 'धंद्याशी संबंध' या कारणाला आकड्याची जोड दिली. ठराव ज्या कामकाजाबद्दल आहे ते कंपनीच्या एकूण मालमत्तेच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, निव्वळ नफ्याच्या आणि एकूण विक्रीच्याही पाच टक्क्यांहून कमी असेल, आणि अन्य प्रकारेही धंद्याशी त्याचा महत्त्वाचा संबंध नसेल, तर ठराव वगळता येतो.

इरोक्वॉयची बाजू कागदावर भक्कम होती. पॅटेत गुंतलेली मालमत्ता ३४ हजार डॉलर, कंपनीची एकूण ७ कोटी ८० लाख. कंपनीचा नफा ६० लाख, पॅटेचा तोटा. विक्रीचा आकडा वर दिलाच आहे. पाच टक्के राहू देत, अर्ध्या टक्क्याच्याही जवळपास काही जात नव्हतं. लव्हनहाइमने हे आकडे नाकारलेच नाहीत. त्याचं सगळं बोट नियमाच्या शेवटच्या तुकड्यावर होतं: 'अन्य प्रकारेही महत्त्वाचा संबंध नसेल तर'. कंपनी म्हणे, हा संबंधही पैशातच मोजायचा. तो म्हणे, पैशाचं मोजमाप आधीच्या तीन अटींत झालं, मग चौथी अट कशासाठी लिहिली?

न्यायमूर्ती गॅश यांनी नियमाचा इतिहास उकलला. १९५१ मध्ये जेम्स पेक या भागधारकाने ग्रेहाउंड या बस कंपनीला ठराव दिला होता, की दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगवेगळं बसवण्याची पद्धत बंद करण्याचा व्यवस्थापनाने विचार करावा. कंपनीने तो छापला नाही आणि न्यायालयानेही पेकला दिलासा दिला नाही. पुढच्याच वर्षी एसईसीने सामाजिक, राजकीय, वांशिक कारणांसाठी दिलेले ठराव वगळण्याची मुभा नियमातच घातली. हे दार पुढे किलकिलं झालं ते डाऊ केमिकलच्या प्रकरणात. व्हिएतनाम युद्धात वापरलं जाणारं नापाम ही कंपनी बनवत होती, आणि डॉक्टरांच्या एका संघटनेने देणगीत मिळालेल्या मोजक्या शेअरच्या आधारावर त्याविरुद्ध ठराव दिला. १९७० मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की भागधारकाला आपल्या मालमत्तेचा नैतिक वापर कसा व्हावा यावर बोलायचा हक्क आहे, आणि एसईसीने तो सहज झिडकारू नये. पुढे डाऊने तो ठराव छापला, त्याला फारशी मतं मिळाली नाहीत, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आता वादच उरला नाही म्हणून ते प्रकरण बंद केलं.

शिवाय एसईसीने स्वतःच १९७६ मध्ये केवळ आर्थिक निकष लावायला नकार दिला होता. एक टक्क्याहून कमी धंद्याशी संबंधित ठरावही धोरणाचा मोठा प्रश्न असेल तर छापायला लावले होते. १९८३ मध्ये आकडा आला म्हणून ही सगळी परंपरा एका फटक्यात पुसायची एसईसीची इच्छा होती, असं न्यायालयाला दिसलं नाही. प्राण्यांशी क्रौर्य हा अमेरिकेत जुना प्रश्न आहे, मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला होता, याचाही निकालात उल्लेख आहे. निष्कर्ष असा, की ठरावाला नैतिक आणि सामाजिक वजन आहे, कंपनी हा माल खरोखर विकते, म्हणून खटल्यात लव्हनहाइम यशस्वी होण्याची शक्यता आहे. सभा होऊन गेली तर भागधारकांशी बोलायची संधी गेली, आणि ते नुकसान पैशाने भरून निघत नाही. म्हणून अंतरिम आदेश.

निकालाची हद्दही न्यायालयाने आखून दिली. प्रश्न कितीही नैतिक असो, कंपनी तो माल आयात करतच नसती तर उत्तर वेगळं आलं असतं. म्हणजे सहा सेंट का होईना, विक्री लागते. पोलाद कंपनीच्या सभेत हंसांचा ठराव चालणार नाही. आणि हेही ध्यानात ठेवायला हवं की हा प्राथमिक आदेश होता, जिल्हा न्यायालयाचा. तरीही एसईसीच्या अधिकाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं तो प्रमाण मानला. अलीकडे वारं फिरतं आहे. २०२१ मध्ये एसईसीने कंपन्यांना सांगितलं की लव्हनहाइमच्या वाटेनेच जाऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो खुलासा मागे घेतला, आणि सामाजिक प्रश्नाचा त्या विशिष्ट कंपनीच्या धंद्याशी कितपत संबंध आहे, हे पुन्हा बारकाईने पाहायचं ठरवलं.

हाच माणूस मुंबईत असता तर

आपल्या २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १११ हेच काम करतं. सभासदांनी लेखी मागणी केली तर कंपनीने दोन गोष्टी करायच्या: सभेत मांडायच्या ठरावाची सूचना सगळ्या सभासदांना द्यायची, आणि त्या ठरावाबद्दल किंवा सभेतल्या अन्य कोणत्याही कामकाजाबद्दल सभासदांचं निवेदन सगळ्यांना पाठवायचं. दुसरा भाग लोक विसरतात. स्वतःचा ठराव नसला तरी, समजा अध्यक्षांच्या पगारवाढीचा कंपनीचाच ठराव विषयपत्रिकेवर आहे, तर त्याविरुद्धचं निवेदन कंपनीमार्फत प्रत्येक भागधारकापर्यंत पोचवता येतं.

वाचताना छान वाटतं. अडचण पहिल्याच अटीत आहे. ही मागणी करायला कलम १०० इतकं बळ लागतं, म्हणजे मतदानाचा हक्क असलेल्या भरणा झालेल्या भांडवलाचा किमान एक दशांश हिस्सा, आणि तोही मागणीपत्र कंपनीला मिळेल त्या दिवशी. विशेष सभा बोलवायलाही हाच हिस्सा लागतो. नवी सभा भरवायला लावणं आणि भरणारच असलेल्या सभेच्या पाकिटात एक कागद घालायला सांगणं, या दोन्हीला कायद्याने एकच किंमत लावली आहे. मला ही रचना कधीच पटलेली नाही.

१९५६च्या कायद्यात ती तशी नव्हतीही. त्यातल्या कलम १८८ ला दोन दारं होती. एक, एकूण मतांचा विसावा भाग, म्हणजे पाच टक्के. दुसरं, किमान १०० सभासद, ज्यांच्या शेअरवर मिळून किमान १ लाख रुपये भरणा झालेला आहे. निवेदनाला हजार शब्दांची मर्यादा होती. हा साचा आपण इंग्लंडच्या १९४८च्या कायद्यावरून घेतला होता. इंग्लंडने शंभर सभासदांचं दार २००६च्या कायद्यातही ठेवलं; २०२० मध्ये बार्कलेज बँकेसमोर हवामानबदलाचा ठराव आला तेव्हा मोठ्या गुंतवणूकदार संस्थांच्या जोडीला शंभराहून अधिक साधे भागधारक उभे होते, आणि त्या ठरावाला जवळपास २४ टक्के मतं पडली. आपण मात्र ते दार २०१३ मध्ये बुजवलं, उरलेलं पाच टक्क्यांवरून दहावर नेलं आणि शब्दांची मर्यादा काढून टाकली. ज्याला आत येताच येत नाही त्याला हवं तेवढं बोलायची मोकळीक!

फरक किती, ते एका काल्पनिक कंपनीवर मांडून पाहू. भरणा झालेलं भांडवल ४० कोटी रुपये, शेअर २ रुपये दर्शनी मूल्याचा, म्हणजे एकूण २० कोटी शेअर. बाजारभाव ३५० रुपये. आजच्या कायद्याने मागणीपत्र द्यायला २ कोटी शेअर लागतील, बाजारभावाने ७०० कोटी रुपयांचे. जुन्या कायद्याच्या दुसऱ्या दाराने? १ लाख रुपये भरणा म्हणजे ५० हजार शेअर. शंभर जणांत वाटले तर प्रत्येकी ५००, म्हणजे माणशी पावणेदोन लाखांची गुंतवणूक. ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात एका रविवारी एवढे भागधारक जमतील. आणि प्रवर्तकांकडेच साठ टक्के शेअर असतील, तर दहा टक्के उरलेल्या चाळीसातून जमवायचे, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक चार शेअरमागे एक आपल्या बाजूला हवा. म्युच्युअल फंड किंवा एलआयसी बरोबर आल्याशिवाय हे होत नाही.

सभेत उभं राहून थेट ठराव मांडता येत नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही येत. नेहमीच्या कामकाजाखेरीज बाकी सगळ्याची सूचना आधी, स्पष्टीकरणासह जायला हवी. शिवाय सूचिबद्ध कंपन्यांत ई-मतदान सभेच्या आधीच सुरू होऊन गेलेलं असतं. ज्यांनी तीन दिवस आधी बटण दाबलं त्यांनी हॉलमध्ये उगवलेल्या ठरावावर मत कसं द्यायचं?

तारखांचा सापळा

दहा टक्के जमले असं धरू. मग घड्याळ सुरू होतं, आणि मागणीपत्रं इथे हमखास मार खातात.

समजा सभा २५ सप्टेंबरला आहे. ठराव असेल तर सह्यांचं मागणीपत्र सभेच्या किमान सहा आठवडे आधी, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत, नोंदणीकृत कार्यालयात जमा व्हायला हवं. पण सभेची सूचना कायद्याने पूर्ण २१ दिवस आधी दिली की पुरते. म्हणजे कंपनीने तारीख ३ सप्टेंबरला जाहीर केली तरी तिचं काही चुकत नाही. तारीखच माहीत नसताना सहा आठवडे मोजायचे कुठून? यावर कायद्यात एक पळवाट ठेवलेली आहे, आणि ती भागधारकाच्या फायद्याची आहे. मागणीपत्र आधी जमा झालं आणि त्यानंतर कंपनीने सहा आठवड्यांच्या आतली तारीख धरून वार्षिक सभा बोलावली, तर मागणीपत्र वेळेत आलं असंच मानलं जातं. तेव्हा २० ऑगस्टला पत्र दिलं आणि ३ सप्टेंबरला २५ तारखेची सूचना निघाली, तर ते चालतं. पण सूचना वाचून ५ सप्टेंबरला जागे झालात तर ठरावाची गाडी गेली.

निवेदनाचं तसं नाही. फक्त निवेदन पाठवायचं असेल तर दोन आठवडे पुरतात. आपल्या उदाहरणात ११ सप्टेंबरची मुदत. सूचना ३ तारखेला हाती पडली तर आठवडाभर मिळतो, त्यातच मसुदा, दहा टक्क्यांच्या सह्या आणि कार्यालयात पोच. फंडाच्या कायदा विभागाकडून आठवड्यात सही मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने मिळवली आहे त्यालाच ठाऊक. म्हणून मसुदा आणि संमती विषयपत्रिका यायच्या आधीच तयार ठेवावी लागते.

पत्रासोबत खर्चाची वाजवी रक्कमही द्यायची असते. ती न दिल्यास पाठवायला कंपनी बांधील नाही. आता सूचना बहुतेक ई-मेलने जातात, त्यामुळे रक्कम मोठी नसते, पण 'खर्च भरला नाही' हे नकाराचं सोपं कारण ठरू शकतं. पत्राला चेक जोडून पोच घेतलेली बरी. सह्यांच्या बाबतीत डिमॅट खात्यावर जे नाव आहे तेच, तसंच लिहायचं; संयुक्त खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

मजकुरावर कंपनीला स्वतःहून कात्री लावता येत नाही. निवेदनाचा वापर बदनामीकारक मजकुराला नाहक प्रसिद्धी देण्यासाठी होतोय, असं वाटलं तर कंपनीने किंवा दुखावलेल्या व्यक्तीने केंद्र सरकारकडे अर्ज करायचा, आणि तसा आदेश मिळाला तरच पाठवणं थांबवता येतं. खर्चही मागणी करणाऱ्यांच्या माथी पडू शकतो. उलट कंपनीने कारणाविना निवेदन दडपलं तर दंड किती? २५ हजार रुपये. कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला. ७०० कोटींचे शेअर जमवणाऱ्याच्या हक्काला एवढंच कुंपण.

विषयाची चाचणी आपल्याकडे

अमेरिकेत जी लढाई पाच टक्के आणि सामाजिक महत्त्व यांवर होते, ती आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, कारण दाराशीच गर्दी संपते. जी काही झाली ती विशेष सभेच्या मागणीवरून. १९८५ मध्ये एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सभा मागणाऱ्या भागधारकाने आपल्या ठरावाची कारणं उघड केलीच पाहिजेत असं नाही.

नंतरचं गाजलेलं प्रकरण मुंबईतलं, झी एंटरटेनमेंट आणि इन्व्हेस्को यांचं. इन्व्हेस्कोच्या दोन फंडांकडे मिळून १७.८८ टक्के शेअर होते. त्यांनी ११ सप्टेंबर २०२१ रोजी पत्र दिलं: तीन संचालकांना काढा, सहा नवे स्वतंत्र संचालक नेमा. झीची वार्षिक सभा होती १४ सप्टेंबरला. तीन दिवसांत त्या सभेच्या विषयपत्रिकेवर काही चढवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मागणी विशेष सभेची होती. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी त्या तिघांपैकी दोन संचालकांनी स्वतःहून राजीनामे दिले. मंडळाने मात्र विशेष सभा बोलवायला नकार दिला: ठराव बेकायदा आहेत, सरकारची आणि नियामकांची मंजुरी लागते वगैरे. २६ ऑक्टोबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सभा रोखली. २२ मार्च २०२२ ला खंडपीठाने ती मनाई उठवली. मागणीपत्र संख्येच्या आणि कार्यपद्धतीच्या अटी पुऱ्या करत असेल, तर ठराव आपल्याला बेकायदा वाटतो म्हणून मंडळाला सभा नाकारता येत नाही, असं खंडपीठ म्हणालं. दोनच दिवसांत इन्व्हेस्कोने मागणी मागे घेतली. झीच्या सोनीबरोबरच्या विलीनीकरणाला इन्व्हेस्कोचा पाठिंबा होता.

हा निकाल कलम १०० वरचा, म्हणजे विशेष सभेच्या मागणीवरचा आहे, १११ वरचा नव्हे. कलम १११ मध्ये 'रीतसर मांडता येईल असा' ठराव अशी वेगळी अट आहे, आणि तिचा अर्थ मंडळ आपल्या सोयीने लावू पाहणारच. लव्हनहाइमची समिती इथे कामाला येते. संचालक मंडळाच्या कारभाराच्या अधिकारात थेट हात घालणारा ठराव आपल्याकडेही अडवला जाऊ शकतो. मंडळाचे अधिकार आवळायचे तर कंपनीची नियमावली बदलावी लागते, आणि त्याला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. 'अमुक विषयावर मंडळाने अहवाल द्यावा' या वळणाच्या ठरावावर तो आक्षेप घेणं कठीण जातं.

मग पाचशे शेअरवाल्याच्या हाती काय उरलं? एक गोष्ट, कलम १६०. निवृत्त होणाऱ्या संचालकाखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव संचालकपदासाठी सुचवायला एकच सभासद पुरतो, मग त्याचा शेअर एकच असो. सभेच्या किमान १४ दिवस आधी लेखी सूचना आणि १ लाख रुपये अनामत. उमेदवार निवडून आला किंवा त्याला वैध मतांच्या २५ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली तर अनामत परत. उमेदवारीची माहिती कंपनीने सभासदांना सभेच्या किमान सात दिवस आधी द्यायची असते. हंसांबद्दलचं निवेदन त्यात जाणार नाही, माणसाचं नाव मात्र जाईल, आणि प्रवर्तकांकडे बहुमत असलेल्या कंपनीत ते नाव पडणार हे ठरलेलंच. त्याने मिळवलेल्या मतांचा आकडा मात्र मतदानाच्या निकालासोबत कंपनीला शेअर बाजाराकडे कळवावा लागतो.